टीएसएच ३८ वरून ०.०२ वर: एकाच बाईच्या पाळीत दिसलेली थायरॉइडची दोन्ही टोकं

थायरॉइड कमी पडलं की पाळीत जास्त जातं आणि थायरॉइड वाढलं की कमी जातं, एवढं बहुतेक जणींनी कुठेतरी ऐकलेलं असतं. पण ते नक्की कशामुळे होतं आणि आपल्या बाबतीत तेच होतंय का हे ओळखायचं कसं, तिथे सगळा गोंधळ असतो, म्हणून आज एकच केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून लिहितेय. ही कुणा एका खऱ्या बाईची फाईल नाही, ओपीडीत सारख्या दिसणाऱ्या गोष्टी जुळवून बनवलेली केस आहे, आकडे मात्र अशा पेशंटचे जसे येतात तसेच ठेवलेत. हीच केस निवडली कारण एकाच बाईत दोन्ही टोकं बघायला मिळतात, आधी थायरॉइड कमी म्हणून बिघडलेली पाळी आणि नंतर गोळीचा डोस जास्त झाला म्हणून बिघडलेली पाळी.

वय ३४, वजन ५८ किलो, एक मूल, ते आता ६ वर्षांचं. पाळी आधी अगदी घड्याळासारखी, २९-३० दिवसांनी यायची, ४-५ दिवस जायची आणि दुसऱ्या दिवशी फार तर ४ पॅड लागायचे. मग गेल्या दीड वर्षात हळूहळू सगळं बदलत गेलं. ती मोबाईलमध्ये तारखा लिहून ठेवायची त्यामुळे अंदाजपंचे काहीच नव्हतं, शेवटच्या चार पाळ्यांमधलं अंतर ४२, ५१, ३८ आणि ६० दिवस. शेवटच्या पाळीचे तिने पॅडसुद्धा मोजून लिहिले होते, पहिल्या दिवशी ३, दुसऱ्या दिवशी ९, तिसऱ्या दिवशी १०, चौथ्या दिवशी ८, मग ५, मग ४, आणि त्यानंतर दहाव्या दिवसापर्यंत रोज २. रात्री दोनदा उठून बदलायला लागायचं आणि गाठी जायच्या त्या अंगठ्याच्या नखापेक्षा मोठ्या.

ही नोंद बघून मला जे पहिलं दिसतं ते सांगते. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवस आणि रक्तस्राव ८ दिवसांपर्यंत, हे साधारण नॉर्मल धरतात. हिच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र आहेत, पाळी लांबतेय आणि आली की भरपूर जातेय. नुसतंच जास्त जातंय आणि तारखा मात्र चुकत नाहीत असं असतं तर माझं लक्ष आधी गर्भाशयाकडे गेलं असतं, म्हणजे फायब्रॉइड, पॉलिप वगैरे. पण तारखा लांबून मग धो धो जाणं म्हणजे बऱ्याचदा त्या महिन्यात बीज बाहेरच पडलेलं नाही, आणि ते का पडलं नाही हे शोधायचं असतं.

आमच्याकडे येण्याआधी काय झालं होतं? एका ठिकाणी सोनोग्राफी केली, अंडाशयात बारीक बारीक फॉलिकल दिसले म्हणून पीसीओडी म्हणून सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी रक्त थांबायच्या गोळ्या आणि दहा दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या, त्या महिन्यात बरं वाटलं, पुढच्या पाळीला पुन्हा तेच. गोळ्या चुकीच्या नव्हत्या, पण थायरॉइडची टेस्ट कुणी केलीच नव्हती. आणि इथे मला स्पष्ट सांगायचंय की टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, आणि दूध येण्याशी संबंधित प्रोलॅक्टिन बघितल्याशिवाय पीसीओडीचं म्हणजेच पीसीओएसचं लेबल लावायचं नसतं, कारण त्या निदानाच्या नियमातच ही दुसरी कारणं आधी बाजूला काढा असं आहे. थायरॉइड फार कमी असेल तर अंडाशय सोनोग्राफीत तसेच फॉलिकलनी भरलेले दिसू शकतात.

विचारल्यावर बाकीचं बाहेर आलं. वर्षभरात ४ किलो वजन वाढलेलं, सगळे पंखा लावून बसलेत आणि हिला थंडी वाजतेय, पोट साफ होत नाही, केस गळतायत, दुपारी डोळे उघडे ठेवणं अवघड. हे सगळं ती कामाचा ताण म्हणून सोडून देत होती.

पहिली टेस्ट प्रेग्नन्सीची, पाळी लांबलेली असली की तीच पहिली, ती निगेटिव्ह. मग रक्ताचे रिपोर्ट आले. टीएसएच ३८ (नॉर्मल साधारण ०.४ ते ४), थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन फ्री टी-फोर ०.५ (नॉर्मल साधारण ०.८ ते १.८), थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी भरपूर, म्हणजे हाशिमोटो, ज्यात शरीर स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करतं. प्रोलॅक्टिन ४२, जे २५ च्या आत असायला हवं. हिमोग्लोबिन ९.१ आणि फेरिटिन ६, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला. सोनोग्राफीत गर्भाशय ठीक, फायब्रॉइड नाही, आतलं अस्तर मात्र १४ मिलीमीटर जाड.

थायरॉइड गळ्यात आणि रक्त जातंय खाली, संबंध काय?

थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की मेंदूतून टीआरएच नावाचा संदेश वाढतो, तो मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतो की थायरॉइडला अजून कामाला लाव. त्यामुळे टीएसएच वाढतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच टीआरएचमुळे पिट्युटरीतून प्रोलॅक्टिनसुद्धा वाढतं, आणि प्रोलॅक्टिन वाढलं की अंडाशयाला बीज तयार कर, सोड, असं सांगणारे जे ठोके मेंदूतून ठरावीक अंतराने जात असतात ते मंदावतात. मग बीज वेळेवर पिकत नाही किंवा पिकून बाहेर पडतच नाही.

बीज बाहेर पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, कारण ते बीज सुटल्यावर मागे उरलेल्या भागातूनच येतं. इस्ट्रोजेन मात्र चालूच राहतं आणि गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं. नेहमीच्या महिन्यात काय होतं, की प्रोजेस्टेरॉन त्या अस्तराला आवरून धरतं आणि ते एकदम खाली आलं की सगळं अस्तर एका वेळी सुटतं, चार-पाच दिवसात काम आटोपतं. इथे आवरणारं कुणी नाही, अस्तर पन्नास-साठ दिवस वाढत जातं, मग इथून थोडं तिथून थोडं असं ढासळायला लागतं, आणि म्हणून रक्त जास्तही जातं आणि दहा-दहा दिवस रेंगाळतं. हिचं १४ मिलीमीटरचं अस्तर आणि ६० दिवसांचं अंतर या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

आणि याच्यावर अजून एक भर आहे जी फार कमी जणींना सांगितली जाते. थायरॉइड खूप कमी असेल तर रक्त गोठवणारे घटकसुद्धा कमी होतात, त्यातला एक म्हणजे व्हॉन विलब्रँड फॅक्टर, जो प्लेटलेट्सना जखमेवर चिकटायला मदत करतो. म्हणजे अस्तर जाड, ते सुटतंय वेडंवाकडं, आणि सुटल्यावर रक्त लवकर थांबतही नाही. म्हणूनच काही जणींची पाळी अगदी वेळेवर येत असूनही थायरॉइडमुळे जास्त जाऊ शकते. या पेशंटला विचारलं तर दात घासताना हिरड्यातून रक्त यायचं आणि कशाला न आपटताही मांडीवर निळे डाग पडायचे. हेच तिला वयात आल्यापासून असतं तर मी जन्मजात रक्ताच्या आजाराकडे वळले असते, पण सगळं दीड वर्षातलंच होतं.

प्रोलॅक्टिन ४२ बघून लगेच मेंदूचा एमआरआय काढायचा का, प्रोलॅक्टिन कमी करायची गोळी द्यायची का, हा प्रश्न तिने स्वतःच विचारला. नाही. टीएसएच ३८ असताना इतकं प्रोलॅक्टिन त्यानेच वाढू शकतं, त्यामुळे आधी थायरॉइड जागेवर आणायचं आणि मग प्रोलॅक्टिन परत बघायचं. फार दिवस थायरॉइड कमी राहिलं तर पिट्युटरी ग्रंथी एमआरआयमध्ये थोडी सुजलेलीही दिसते आणि उगाच ट्यूमरची भीती बसते. शेकड्यांमध्ये आकडा असता किंवा डोकेदुखीबरोबर नजर अधू झाली असती तर गोष्ट वेगळी होती.

गोळी सुरू केली, तरी टीएसएच हलेना

थायरॉइडच्या गोळीचा, म्हणजे लेव्होथायरॉक्सिनचा, पूर्ण बदली डोस साधारण दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम असतो, म्हणजे ५८ किलोला ९३ च्या आसपास. हिला लेव्होथायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅमवर सुरू केलं, सोबत लोहाची गोळी, आणि पाळीच्या जास्तीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करायला ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड, कारण थायरॉइड जागेवर येईपर्यंत दोन-तीन महिने जाणार आणि तोपर्यंत ९.१ चं हिमोग्लोबिन अजून खाली जाऊ द्यायचं नव्हतं.

सात आठवड्यांनी टीएसएच २४. थोडा उतरला, पण एवढ्या डोसवर एवढाच? डोस १०० केला. अजून आठ आठवड्यांनी ११. डोस १२५ झाला, मग कुठे आकडा ३.१ वर आला. पाळी एव्हाना ३४-३५ दिवसांवर आली होती, दुसऱ्या दिवसाचे पॅड ९ वरून ५ वर, सगळ्यांना बरं वाटलं. पण ५८ किलोच्या बाईला १२५ का लागतंय हा प्रश्न कागदावर तसाच होता.

उत्तर तिच्या गोळ्यांच्या डबीत होतं. सात खणांची डबी, प्रत्येक वाराच्या खणात दोन गोळ्या शेजारी शेजारी, थायरॉइडची आणि लोहाची. विसरायला नको म्हणून ती सकाळी उठल्या उठल्या दोन्ही एकाच घोटात घ्यायची. लोह लेव्होथायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतं, मग ती गोळी आतड्यातून रक्तात नीट जातच नाही. कॅल्शियमचंही तेच. दोन्हींत किमान ४ तास अंतर लागतं, आणि थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा ते एक तास काही खायचं नाही, कॉफीसुद्धा नाही. सोपं म्हणजे थायरॉइडची सकाळी आणि लोहाची रात्री. म्हणजे हिला १२५ लागत नव्हतं, १२५ मधला बराच भाग वाया जात होता. आणि हे सगळं डबी उघडून बघेपर्यंत कळलं नाही, कारण गोळी रोज घेता का या प्रश्नाचं तिचं उत्तर हो असंच होतं, आणि ते खरंच होतं.

हे कळलं तेव्हा मात्र उशीर झाला होता. मधल्या काळात हिमोग्लोबिन १२.६ आणि फेरिटिन ४८ झालं म्हणून दुसरीकडे तिची लोहाची गोळी बंद झाली होती, १२५ ची थायरॉइडची तशीच चालू. आता अडवणारं कुणी नाही, गोळी पूर्ण आत जायला लागली.

आता दुसरं टोक

लोह बंद झाल्यानंतरची पहिली पाळी ३३ दिवसांनी आली, दोनच दिवस, दिवसाला २ पॅड. पुढची ४४ दिवसांनी, एक दिवस आणि तेही जेमतेम डाग. ती खूश होती, इतकं सोसल्यावर कुणालाही वाटेल की चला सुटलो. दाखवायला आली ती पाळीसाठी नाहीच, छातीत धडधडतंय आणि रात्री झोप लागत नाही म्हणून. नाडी १०४, हात पुढे केले तर बोटं बारीक थरथरतायत, भूक नीट आणि वजन ३ किलो उतरलेलं.

पुन्हा आधी प्रेग्नन्सी टेस्ट, आणि इथे तर ती जास्तच महत्त्वाची. गरोदरपणाच्या सुरुवातीला जे एचसीजी हार्मोन वाढतं ते टीएसएचसारखंच थायरॉइडला चालना देतं, त्यामुळे टीएसएच आपोआप खाली येतो. म्हणजे पाळी लांबली आणि टीएसएच कमी आला, ही जोडी गरोदरपणातही दिसते, आणि तिथे थायरॉइडची गोळी घाबरून कमी केली तर नुकसान होतं, उलट गोळीवर असलेल्या बाईला गरोदरपणात बहुतेक वेळा डोस वाढवूनच लागतो. टेस्ट निगेटिव्ह आली.

दुसरा प्रश्न विचारला, केसांसाठी काही घेतेस का? घेत होती, बायोटिन. मोठ्या डोसमधलं बायोटिन बऱ्याच लॅबच्या मशीनला फसवतं, टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दाखवतं, म्हणजे काही नसताना थायरॉइड वाढल्यासारखा रिपोर्ट. त्यामुळे ते तीन दिवस बंद ठेवून मग रक्त दिलं. तरीही टीएसएच ०.०२ आणि फ्री टी-फोर २.३. म्हणजे खरंच जास्त होतं, आणि धडधड, थरथर होतीच पुरावा द्यायला.

मग पाळी कमी का झाली? थायरॉइड हार्मोन वाढलं की लिव्हर एक प्रोटीन जास्त बनवायला लागतं, एसएचबीजी, जे रक्तातल्या सेक्स हार्मोन्सना पकडून ठेवतं. मग रिपोर्टमध्ये एकूण इस्ट्रोजेन वाढलेलं दिसतं पण त्यातलं बरंचसं बांधलेलं, मोकळं होऊन अस्तरापर्यंत पोचणारा वाटा तेवढा वाढत नाही. मेंदू आणि अंडाशयातल्या संदेशांची लयही बदलते, त्यात वजन उतरत असतं त्याचा परिणाम वेगळा. शिवाय रक्त गोठवणारे घटक या बाजूला वाढलेले असतात, पहिल्या टोकाच्या बरोबर उलट. हिच्या सोनोग्राफीत अस्तर ५ मिलीमीटर होतं.

एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्या. थायरॉइड वाढलेल्या बऱ्याच बायकांमध्ये बीज सुटतच असतं, रक्त कमी जातं इतकंच. पाळी नावापुरती आली म्हणून दिवस राहणार नाहीत असं धरून गर्भनिरोधक सोडलेल्या बायका मी बघितल्यात, तसं करू नका.

हिच्यात कारण गोळी होतं म्हणून पुढचा रस्ता सोपा होता. जिला कुठलीच गोळी चालू नाही आणि तरी टीएसएच असा तळाला गेलाय, तिच्यात ग्रेव्हज, म्हणजे अँटिबॉडीमुळे थायरॉइड जास्त हार्मोन बनवतं तो आजार, आहे की थायरॉइडला सूज येऊन साठलेलं हार्मोन बाहेर सांडतंय हे शोधावं लागतं, कारण दोन्हींचे उपचार वेगळे. बाळंतपणानंतरच्या वर्षात तर ही सूज आधी जास्त आणि मग कमी असा खेळ करते, आणि पाळी बदललेली दिसली की सगळे स्तनपानावर ढकलून मोकळे होतात.

डोस १२५ वरून ८८ केला. दोन आठवड्यांनी तिने विचारलं आता टेस्ट करू का, तर थांबायला सांगितलं. या हार्मोनचा निम्मा भाग शरीरातून जायला जवळपास ७ दिवस लागतात, त्यामुळे नवीन डोसवर रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, आणि इतका दाबला गेलेला टीएसएच तर त्याहूनही उशिरा उठतो. मधेच टेस्ट केली की चुकीचा आकडा बघून परत डोस हलवला जातो आणि हे रहाटगाडगं थांबत नाही. धडधड मात्र तिसऱ्या आठवड्यापासून कमी झाली.

आठ आठवड्यांनी टीएसएच १.९, फ्री टी-फोर १.३, आणि प्रोलॅक्टिन आता १४, एकही वेगळी गोळी न घेता. पाळी लगेच सरळ झाली नाही, ती रिपोर्टच्या मागून येते. पहिली ३७ दिवसांनी, तीन दिवस. मग ३२ दिवसांनी, चार दिवस. मग ३०, पाच दिवस, दुसऱ्या दिवशी ४ पॅड.

आता एक मर्यादा, कारण उलट बाजूचा गैरसमजही तेवढाच आहे. टीएसएच ५ किंवा ६ आला आणि पाळीत भरपूर जातंय, तर सगळा दोष त्या ५ वर टाकू नका. जेवढं थायरॉइड जास्त बिघडलेलं तेवढी पाळी बिघडायची शक्यता जास्त, आणि तरीसुद्धा थायरॉइडचा त्रास असलेल्या बहुतेक बायकांची पाळी ठीकच असते. किंचित वाढलेल्या टीएसएचने तासाला पॅड भिजणं हे मला पटत नाही, तिथे फायब्रॉइड, पॉलिप, अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणारं अ‍ॅडेनोमायोसिस शोधायलाच हवं. थायरॉइड जागेवर येऊन तीन महिने झाले तरी तसंच जात असेल तर तेव्हाही परत गर्भाशय बघायचं, आणि वय ४५ च्या पुढे असेल तर अस्तराचा तुकडा तपासण्यात चालढकल करायची नाही. लागोपाठ दोन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजतोय, चक्कर येतेय, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, तर थायरॉइडच्या रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल.

हिची पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे, फेरिटिनसकट. लोह पुन्हा लागलंच तर ते रात्री घ्यायचं हे तिने डबीवर स्केचपेनने लिहून ठेवलंय, आणि लोह सुरू किंवा बंद झालं की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करायचा असं आम्ही तिच्या फाईलवर लिहिलंय.